एकशे एक नंबरचं मशीन

आमच्या ऑफिसात आम्ही तिघं होतो. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा पासवर्ड गेला, गोदामातला स्कॅनर पडून फुटला, की आम्हाला फोन यायचा. दुबईच्या जबल अली बंदराजवळचं मोठं गोदाम, बाजूला दोन मजली ऑफिस आणि तळमजल्यावर आमची बिनखिडकीची खोली. तिघांत मी एकटीच बाई. माझ्या शेजारी बसायचे ते रत्नागिरीकडचे, वीस वर्षं गल्फमध्ये काढलेले. त्यांना आम्ही सगळे भाई म्हणायचो. तिसरा हैदराबादचा, आमच्यापेक्षा बराच लहान.

एका सकाळी मॅनेजरसाहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ते मूळचे केरळचे, आमच्याशी हिंदीत बोलायचे. म्हणाले, खोलीतले सगळे जुने सर्व्हर निघणार. त्यांच्या जागी दोनच मोठी मशीन येणार आणि बाकीचे सर्व्हर त्यांच्या पोटात चालणार. "उसको सम्हालने के लिए एक आदमी रखेंगे. बाकी का बाद में देखेंगे. सर्टिफिकेट मत दिखाओ, हाथ का काम दिखाओ. एक महिना है."

बाकीचं बाद में देखेंगे, याचा अर्थ इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

त्या वर्षी माझा नवरा काम करायचा ते हॉटेल दुरुस्तीसाठी बंद झालं होतं आणि त्याची नोकरी गेली होती. त्याचा आणि मुलीचा व्हिसा मी माझ्यावर घेतला होता. मुलगी दहावीत. म्हणजे माझी नोकरी गेली की तिघांनी सामान बांधायचं, तेही शाळेच्या मधोमध. वसईला घर आहे, उपाशी कुणी राहिलं नसतं. पण शारजातल्या आमच्या अल मजाजहून जबल अलीपर्यंत कंपनीच्या बसमध्ये मी रोज तोच हिशेब करत बसायचे.

घरी एक जुना कॉम्प्युटर होता, नवऱ्याने कधीतरी बर दुबईच्या बाजारातून आणलेला. मुलगी लॅपटॉप वापरायला लागल्यापासून तो बाल्कनीच्या दाराशी धूळ खात होता. मी त्यात जास्तीची रॅम बसवली आणि एक नवी डिस्क घातली. जुन्या डिस्कवर आमचे सगळे फोटो होते, वडिलांच्या शेवटच्या ख्रिसमसचेसुद्धा. म्हणून तिची वायरच काढून ठेवली. प्रॉक्समॉक्स म्हणजे एका मशीनच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम; बसवताना तो सरळ सांगतो की निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. एकच डिस्क जोडलेली आहे हे माहीत असूनही ते वाक्य मी चार वेळा वाचलं आणि बटण दाबताना डोळे मिटले.

पहिलं व्हर्च्युअल मशीन चालूच होईना. स्क्रीनवर आलं की केव्हीएम उपलब्ध नाही, बायॉसमध्ये चालू करा. मला वाटलं, संपलं, हे खोकं इतकं जुनं आहे की त्याला हे जमतच नाही. मग बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरले तर पोटात दुसरं मशीन चालवायची प्रोसेसरची सोय कुणीतरी बंद ठेवली होती, एवढंच. ती चालू केली आणि तो कॉम्प्युटर एका खोक्यात दुसरा कॉम्प्युटर चालवायला लागला. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "हा कुठला नवीन? मला तर एकच दिसतो."

"आत आहे."

"आत कुठे?"

त्याला सांगताना मलाच ते नीट समजत गेलं. खरी मेमरी, खरा प्रोसेसर, खरी डिस्क एकच. प्रॉक्समॉक्स त्यातून वाटे काढतो आणि प्रत्येक वाट्याला वाटतं की आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. नेटवर्कची वायरही एकच, पण आत एक पूल असतो. त्या पुलावरून सगळे वाटे बाहेर येतात आणि घरच्या राउटरला ते वेगवेगळे कॉम्प्युटर म्हणूनच दिसतात.

शनिवार-रविवार मी त्याच्यापुढे बसायला लागले. प्रॉक्समॉक्स मशीनना शंभरपासून नंबर देतो. शंभर नंबरवर मी विंडोज सर्व्हर उभा केला. एकशे एकवर छोटंसं लिनक्स घातलं आणि त्याला एकच काम दिलं, पत्ते वाटायचं. कुठलाही फोन किंवा लॅपटॉप नेटवर्कला जोडला की तो आधी ओरडतो, मला पत्ता द्या. घरी ते काम राउटर करतो. मी राउटरमधली ती सोय बंद केली आणि एकशे एकला बसवलं. आमच्या घरातले तिन्ही फोन, लॅपटॉप, टीव्ही, सगळे त्या खोक्यातल्या मशीनकडून पत्ता घ्यायला लागले. वीज जाऊन आली तरी एकशे एक आपोआप चालू व्हावं, अशी खूणही करून ठेवली. हे मी कुणाला सांगितलं नाही. मुलीला तर कळलंही नाही की ती जे काय बघते ते आईच्या परवानगीने बघते. मला त्याचा अभिमान वाटायचा.

महिना संपत आला. प्रात्यक्षिक गुरुवारी दुपारी तीनला ठरलं. मी साहेबांना विचारलं, "सर, मेरा अपना मशीन लाऊं क्या? सब उसी पे किया है."

"ले आओ," ते लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणाले.

चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी तो बसमधून नेला. गेटवर सिक्युरिटीवाल्याने वहीत नोंद केली. भाई मला बघून हसले. "ताई, लेकरू घेऊन आल्यासारख्या आलात." त्यांच्याकडे घरी असं काही नव्हतं. ते व्हिडिओ बघून, कागदावर चित्रं काढून शिकत होते. त्या सकाळी त्यांना गोदामात एक वायफायचा डबा बदलायचा होता, म्हणून ते लगेच गेले. बस, एवढंच आमचं बोलणं झालं.

दुपारी पावणेदोनला मी मांडामांड केली. माझ्या टेबलाखाली नेटवर्कचा एक छोटा स्विच होता, पाच वायरी जोडायचा. लॅपटॉप त्यात, फोन त्यात, प्रिंटर त्यात. खोक्याची वायरही मी त्यातच खोचली. खोक्याचा पत्ता घरचा, एकशे ब्याण्णवने सुरू होणारा. ऑफिसचे पत्ते दहाने सुरू होतात. म्हणून मी लॅपटॉपला हाताने घरच्यासारखा पत्ता दिला, म्हणजे दोघं एकमेकांशी बोलतील. बोलले. ब्राउझरमध्ये प्रॉक्समॉक्सचं पान उघडलं, शंभर आणि एकशे एक दोन्ही हिरवे दिसले. मी निश्चिंत झाले. माझं लक्ष त्या दोघांतच होतं. स्विचमधून एक वायर भिंतीत जाते, आणि भिंतीतून ती पूर्ण इमारतीत आणि गोदामात जाते, हे मला माहीत होतं. रोजचंच होतं. माहीत असून मी ते पाहिलं नाही.

दोनला गोदामाची शिफ्ट बदलते. माणसं येतात, चार्जरवरचे स्कॅनर उचलतात आणि कामाला लागतात. सव्वादोनच्या सुमारास पहिला फोन आला की काही स्कॅनर चालत नाहीत. मग दुसरा. मग साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले. काही स्कॅनर व्यवस्थित, काही ठार. चालू असलेला कुणी बंद करून पुन्हा लावला तर तोही मरत होता. बाहेर ट्रक उभे होते. सहाच्या आत कंटेनर बंदरात पोहोचले नाहीत तर जहाज त्यांच्याशिवाय जाणार होतं.

साहेब भाईंशी फोनवर बोलत होते, आणि फोन स्पीकरवर होता. "सुबह आपने वहाँ हाथ लगाया, और अभी बंद. क्या किया आपने?"

"सर, सिर्फ एक बॉक्स बदला. इन्शाल्ला अभी देखता हूँ."

"इन्शाल्ला नहीं. अभी."

माझ्या मनात आलेला पहिला विचार मी लपवत नाही. मला वाटलं, भाईंची संधी गेली.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मुलगी शाळेतून घरी आली होती.

"मम्मा, वायफाय इज नॉट वर्किंग."

"राउटर बंद करून चालू कर."

"आय डिड. इट जस्ट सेज ऑब्टेनिंग आय पी अ‍ॅड्रेस. डॅडाज फोन ऑल्सो."

पत्ता मिळवतोय. मिळत नाहीये. मी तिला सांगणार होते की थांब, संध्याकाळी बघते. आणि मला समजलं. घरी पत्ता कसा मिळेल? पत्ते वाटणारा इथे आहे. माझ्या टेबलाखाली. हिरवा. चालू. त्याला काय माहीत आपण अल मजाजला आहोत की जबल अलीला. भिंतीतल्या त्या वायरीवरून कुणीतरी ओरडतं, मला पत्ता द्या, की तो देतो.

मी टेबलाखाली वाकले आणि खोक्याची वायर उपसली. मुलगी फोनवर "मम्मा? मम्मा?" करत होती. मी फोन बंद केला.

सगळं सरळ होतं. ऑफिसचा पत्ते वाटणारा सर्व्हर आणि माझा एकशे एक, दोघं एकाच वेळी उत्तर देत होते. ज्याचं उत्तर आधी पोहोचलं ते स्कॅनर धरून बसला. माझ्याकडून घेतलेला पत्ता म्हणजे आमच्या घरचा पत्ता. त्यावरून गोदामाचा सर्व्हर सापडणार कसा? आणि वायर काढल्याने हे मिटत नव्हतं, कारण मी तो पत्ता बारा तासांसाठी देत होते. स्कॅनर स्वतःहून सोडणार नव्हते.

भाईंचा फोन आला. ते धापा टाकत होते. "ताई, एक गंमत बघा. बंद पडलेल्या स्कॅनरचा पत्ता एकशे ब्याण्णवने सुरू होतोय. आपला तर दहाने. हा कुठून आला? मी लावलेल्या डब्यातून येतोय का? मी तर त्यात तसं काही केलं नाही हो."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "भाई, बंद पडलेले सगळे स्कॅनर बंद करून चालू करा. आता बरोबर पत्ता घेतील."

"आता? आता का घेतील?"

"करून बघा ना."

पाच मिनिटांत त्यांचा आवाज बदलला. "अल्हम्दुलिल्ला, चालला!" ते आणि दोन सुपरवायझर एकेक स्कॅनर शोधत, बंद-चालू करत गोदामभर फिरायला लागले. शंभराच्या वर स्कॅनर होते. कुठला खराब, कुठला बरा, बघून कळत नव्हतं.

भाईंनी फोनवर कळवल्यावर साहेब माझ्या टेबलाशी आले. "मॅडम ने पकडा? गुड." आणि मग, मला ऐकू जाईल असं, पण मला उद्देशून नाही, "बीस साल का एक्सपीरियन्स, और एक बॉक्स नहीं लगा सकते."

खोकं माझ्या पायाशी होतं. पंखा फिरत होता. मला काहीच करावं लागणार नव्हतं. गप्प राहिले असते तर तीनला प्रात्यक्षिक झालं असतं, साहेब खूश होते, आणि भाईंनी लावलेला डबा दोषी ठरला असता. कुणी शोधलंही नसतं. मुलीची परीक्षा, तिघांचे व्हिसा, सगळं त्या गप्प राहण्यात होतं. नोकरी घेताना मी एका कागदावर सही केली होती की कंपनीच्या नेटवर्कला परवानगीशिवाय काही जोडणार नाही. साहेब "ले आओ" म्हणाले होते. "जोडा" म्हणाले नव्हते. आमच्या बसमधला एकजण कायम सांगायचा की इथे असल्या गोष्टींत पोलीसही येतात. खरं असेल, नसेल. त्या क्षणी मला ते खरं वाटलं.

मी बाथरूममध्ये गेले, तोंड धुतलं आणि तिथेच क्रूसाची खूण केली. देवाने काही सांगितलं असं मी म्हणणार नाही. मला फक्त भाईंचा आवाज ऐकू येत होता, "मी तर त्यात तसं काही केलं नाही हो." ते स्वतःवरच संशय घ्यायला लागले होते.

केबिनचं दार मी उघडलं तेव्हा पावणेतीन झाले होते.

"सर, भाईंची चूक नाही," मी घाबरून मराठीतच सुरुवात केली. मग हिंदीत. "सर, वो मेरा मशीन था. मैंने गलती से लगाया. पत्ता वही दे रहा था."

त्यांनी लॅपटॉप मिटला. शेवटी विचारलं, "अभी लगा है?"

"नहीं सर. निकाल दिया."

"कब?"

"ढाई बजे."

त्यांनी घड्याळ पाहिलं. ढाईपासून पावणेतीनपर्यंत मी काय करत होते, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"डेमो कॅन्सल. मशीन स्टोअर में जमा करो. आप घर जाओ."

खोकं स्टोअरच्या कपाटात गेलं, कुलूप लागलं, मी सही केली. दुपारची बस नसते. गेटबाहेर टॅक्सीची वाट बघताना गोदामातून सुटणारे ट्रक मोजायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

घरी नवरा दारातच उभा होता. माझा चेहरा बघून त्याने पाणी आणलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सांगितलंस ना तू?"

"सांगितलं."

"मग खलास. आता जे होईल ते."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. मी काय सांगतो की वाटत नाही?"

मुलीचं म्हणणं वेगळं होतं. घरात अजून वायफाय नव्हतं, आणि ते देणारं मशीन कंपनीच्या कपाटात होतं. मी तिच्या लॅपटॉपला हाताने पत्ता दिला, राउटरच्या पानावर गेले आणि त्याची बंद केलेली सोय परत चालू केली. फोन भराभर जोडले गेले. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "सो यू ब्रोक बोथ? होम अँड ऑफिस?" मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. मग ती बिचारी घाबरली.

शुक्रवारी मला ऑफिसात येऊ नका असा मेसेज आला. शनिवार-रविवार आम्ही तिघं घराजवळ खालिद लगूनच्या, त्या खाऱ्या तळ्याच्या, कडेने चालत राहिलो. नवरा वसईतल्या शाळांची चौकशी करायची का, असं हळूच म्हणाला. प्रत्येक वेळी फोन वाजला की आम्ही तिघंही थांबायचो. रविवारी भाईंचा फोन आला. मला घ्यायचं धैर्य होत नव्हतं, नवऱ्याने उचलून माझ्या कानाला लावला.

"ताई, साहेबांनी सांगितलं मला."

"भाई, मला माफ करा. मला आधीच बोलायला हवं होतं. स्कॅनर बंद-चालू करा म्हटलं, तेव्हाच."

"हां. तेव्हा बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "मी पंधरा-वीस मिनिटं स्कॅनर चालू करत फिरलो, पण डोक्यात तोच डबा होता. मला वाटलं आता म्हातारा झालो, हात चुकायला लागले." मग म्हणाले, "पण बोललात. बहुतेक लोक नसते बोलले. चला, जेवा तुम्ही."

सोमवारी एचआरने मला बोलावलं. तीन कंटेनरपैकी दोन वेळेत पोहोचले होते, एक पुढच्या जहाजाने गेला होता. मला लेखी ताकीद मिळाली, शेवटची. पुन्हा काही झालं तर नोटीस न देता, असं त्यात लिहिलं होतं. मी सही केली. ती माझ्या इतर सह्यांसारखी दिसत नाही. साहेब बाजूला बसले होते. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "गलती मेरी भी थी. मैंने पूछा नहीं कि कहाँ लगाओगे." आणि त्यांनी नेटवर्कवाल्या कंपनीला बोलावून गोदाम, ऑफिस आणि आमची खोली नेटवर्कच्या वेगवेगळ्या कप्प्यांत टाकायला सांगितलं. अनोळखी मशीनने पत्ते वाटले तर स्विचने ते अडवावेत, अशीही सोय करून घेतली. ती पहिल्यापासून असायला हवी होती, पण हे मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

नवी जागा भाईंना मिळाली. हैदराबादच्या मुलाने तोवर अबू धाबीत नोकरी धरली होती, त्यामुळे मला काढायची वेळ आली नाही. खोटं कशाला बोलू, जागा गेल्याचं वाईट वाटलं. महिनाभर बसून केलेलं काम दाखवताही आलं नाही.

खोकं मला पंधरा दिवसांनी परत मिळालं. त्यानंतरच्या शनिवारी भाई बायकोला घेऊन आमच्याकडे आले. भाभींनी सांदणं आणि माशाचं सालन आणलं होतं. त्या आणि नवरा स्वयंपाकघरात बोलत राहिले, आम्ही दोघं खोक्यापुढे बसलो. भाईंनी खिशातून चष्मा काढला, वही काढली.

"मला कागदावर सगळं येतं," ते म्हणाले. "हात लावायची भीती वाटते. पुढच्या महिन्यात खरी मशीन येतायत."

"मलापण वाटते," मी म्हणाले.

पहिला धडा मी त्यांना दुसऱ्या पुलाचा दिला. प्रॉक्समॉक्समध्ये असा पूल बांधता येतो ज्याला बाहेरची वायरच नाही. त्यावर ठेवलेली मशीन एकमेकांशी बोलतात, पण घराबाहेर, अगदी राउटरपर्यंतही, त्यांचा आवाज जात नाही. शंभर आणि एकशे एक, दोघांचीही नेटवर्क कार्डं मी भाईंकडून त्या पुलावर हलवून घेतली. मग शंभरला पत्ता मागायला लावला. मिळाला. मुलीला विचारलं, तुझं वायफाय ठीक आहे ना? "येस, व्हाय?" ती आतून ओरडली.

"बघा," मी भाईंना म्हटलं, "आता हा कितीही वाटू दे."

त्यांनी वहीत पुलाचं चित्र काढलं आणि बाहेर जाणाऱ्या वायरीच्या जागी मोठी फुली मारली. मग विचारलं, "ताई, पण आपण चुकून उलट्या पुलावर लावलं तर?"

मी परत जाऊन तपासलं. दोनदा. तेवढ्यात भाभींनी जेवायला हाक मारली. भाई उठले, मी मात्र आधी एकशे एक बंद केलं, त्याची आपोआप चालू व्हायची खूण काढली आणि मगच हात धुवायला गेले.